इकोच्या रिपोर्टवर ‘माइल्ड एमआर’ असेल तर

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ज्या कुणाच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर नुकतंच ‘माइल्ड एमआर’, म्हणजे हृदयाच्या मायट्रल झडपेची किंचित गळती, असं लिहून आलंय, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं.

समजा, खानापूरकडची पस्तिशीतली एक अक्का आहे. दुसऱ्याच कारणासाठी तपासताना डॉक्टरांना तिच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला, म्हणून इको केला. व्हॉल्व्ह लीक आहे म्हटल्यावर घरच्यांनी तिची भातलावणी बंद केली. घागरसुद्धा उचलू देत नाहीत.

अक्का, हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये मायट्रल झडप असते. ठोक्याला खालचा कप्पा आवळतो तेव्हा ती घट्ट मिटायला हवी. तुमची झडप नीट न लागणाऱ्या दारासारखी किंचित फट ठेवते आणि थोडं रक्त मागे जातं. ते इतकं थोडं आहे की कप्प्यावर ताण येत नाही. रिपोर्टात कप्प्याचा आकार नॉर्मल लिहिलाय ना, तो याचाच पुरावा.

त्याखाली ‘ईएफ 60 टक्के’ असतं. ते वाचून पुष्कळ जण घाबरतात, हृदय चाळीस टक्के निकामी झालं असं धरतात. तसं मुळीच नाही. भरलेल्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, त्याचा तो आकडा आहे. निरोगी माणसाचाही साधारण एवढाच असतो.

म्हणून लावणीला जा, घागर उचला. एवढ्याशा गळतीला औषध लागत नाही, ऑपरेशनही नाही. बीपी मात्र ताब्यात हवं, कारण दाब वाढला की मागे जाणारं रक्तही वाढतं.

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो डॉक्टरांना विचाराच: गळती कशामुळे? लहानपणी घसा दुखून ताप आला, मग गुडघे, घोटे आळीपाळीने सुजले, असं काही झालं होतं का, आईला विचारून या. तो ऱ्हुमॅटिक ताप असू शकतो. तो पुन्हा उलटला तर झडप आणखी बिघडते. म्हणून इकोतही तसंच दिसलं तर डॉक्टर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू करतात. ते वर्षानुवर्षं, बहुधा निदान चाळिशीपर्यंत चालतं. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नका. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

कारण तसं नसेल, तर पुढचा इको सहसा तीन ते पाच वर्षांनी. ऱ्हुमॅटिक असेल तर डॉक्टर लवकर बोलावतील. मात्र नेहमीच्या चढावर नव्याने दम लागू लागला, उताणं झोपल्यावर श्वास कोंडला, पाय सुजले किंवा छातीत वेडीवाकडी धडधड झाली, तर तारखेची वाट न पाहता जुना रिपोर्ट घेऊन जा. दिवस गेले तर पहिल्याच तपासणीला तो रिपोर्ट दाखवा.