उत्तरसूचीत चुकीची उत्तरंही हवीत

(शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, आज एकच विषय घेतो. भिन्नच्छेद अपूर्णांकांच्या बेरजेची कार्यपत्रिका तयार करताना तिची उत्तरसूची कशी करायची? आपण सहसा प्रश्नापुढे बरोबर उत्तर लिहितो आणि थांबतो. तेवढ्यावर वही तपासून होते, पण ज्याचं उत्तर चुकलं त्याने नेमकं काय केलं हे कळत नाही. म्हणून कार्यपत्रिका मुलांच्या हातात जाण्याआधीच तिची चुकीची उत्तरंही काढून ठेवावीत. ती मनाला येतील तशी काढायची नाहीत. मुलांच्या चुकांनाही रीत असते. त्या त्या रीतीने आपण स्वतः उदाहरण सोडवायचं आणि जे येईल ते सूचीत लिहायचं.

फळ्यावर बघा: १/६ + ३/१०. सहा आणि दहाचा लसावि ३०. म्हणजे ५/३० अधिक ९/३०, बरोबर १४/३०, आणि अतिसंक्षिप्त रूप ७/१५. सूचीत ७/१५ च्या शेजारी १४/३० लिहाच, आणि २८/६० सुद्धा लिहा. लसावि न काढता सरळ सहा गुणिले दहा करणाऱ्या मुलाचं उत्तर २८/६० येतं: १०/६० अधिक १८/६०. त्याला बेरीज येते. त्याला फक्त लहान छेद शोधायला शिकवायचंय. अशा उत्तरावर आपण घाईत फुली मारतो, कारण ते सूचीतल्या उत्तरासारखं दिसत नाही. १४/३० ला पूर्ण गुण द्यायचे की एक कापायचा, हे तपासताना ठरवू नये. ‘उत्तर अतिसंक्षिप्त रूपात लिहा’ असं कार्यपत्रिकेवर छापलं असेल तर गुण कापायला आधार आहे, नसेल तर नाही.

आता चुका. पहिली सगळ्यांच्या ओळखीची: अंशात अंश, छेदात छेद मिळवले. १ आणि ३ चार, ६ आणि १० सोळा, म्हणून ४/१६. पण एवढ्यावर सूची थांबवू नका, त्याच्यापुढे १/४ सुद्धा लिहा. हुशार मूल चुकीचं उत्तरही नीट संक्षिप्त करतं, आणि मग वहीत नुसतं १/४ पाहून ते कुठून आलं याचा आपल्याला पत्ता लागत नाही. दुसरी चूक: छेद बदलून ३० केला, अंश होते तसेच राहिले. ४/३०, म्हणजे २/१५. तिसरी: बेरजेच्या जागी गुणाकार केला. ३/६०, म्हणजे १/२०. चौथी फारशी कुणी सूचीत लिहीत नाही, पण वर्गात ती दिसते. मुलाने ३० ला ६ ने भागून ५ आणि १० ने भागून ३ बरोबर काढले, पण गुणताना त्यांची अदलाबदल केली. एकाला तीनने गुणलं, तीनला पाचने. ३/३० अधिक १५/३०, बरोबर १८/३०, म्हणजे ३/५. पाचवी शेवटच्या पायरीवरची: १४/३० पर्यंत सगळं बरोबर, मग संक्षेप देताना फक्त अंश निम्मा केला, ७/३०.

आता ही पाच उत्तरं शेजारी ठेवून बघा: १/४, २/१५, १/२०, ३/५, ७/३०. एकही दुसऱ्यासारखं नाही. उत्तर दिसलं की रीत कळते. हे उदाहरण मी यासाठीच निवडलं.

सगळी उदाहरणं अशी नसतात. २/३ + २/५ घ्या. बरोबर उत्तर १६/१५, म्हणजे १ पूर्णांक १/१५. छेद १५ करून अंश तसेच ठेवणाऱ्याचं उत्तर ४/१५. गुणाकार करणाऱ्याचंही ४/१५, कारण दोन आणि दोनची बेरीजही चार आणि गुणाकारही चार. वहीत ४/१५ दिसलं तर यातलं कोणतं झालं हे सांगता येणार नाही. आणि अदलाबदलीची चूक इथे दिसतच नाही: अंश सारखेच आहेत, त्यामुळे पाच आणि तीन कुणाच्याही वाट्याला गेले तरी बेरीज सोळाच. मूल चुकलेलं असतं आणि आपण बरोबरची खूण करतो. १/३ + १/४ सारख्या उदाहरणांचंही हेच. अंश एक असलेली उदाहरणं सोपी म्हणून आपण पानभर देतो, आणि ही चूक पानभर लपून राहते. १/२ + १/४ तर तपासणीसाठी देऊच नका. अर्धा आणि पाव मिळून पाऊण हे मुलाला घरातूनच ठाऊक असतं. त्याने छेद सारखे केले की नाही, हे ३/४ वरून कळणार नाही.

संक्षेप तपासायचा असेल तर छेदही जाणून निवडावे लागतात. दिलेले अपूर्णांक अतिसंक्षिप्त असतील आणि छेदांत सामाईक अवयवच नसेल, उदाहरणार्थ ४ आणि ९, तर छेद ३६ केल्यावर आलेली बेरीज कधीच आणखी लहान होत नाही. ६ आणि ८ मध्येही नाही होत: सहामध्ये दोनचा अवयव एकदा आहे, आठमध्ये तीनदा. तो दोन्हीकडे सारख्याच वेळा हवा. ६ आणि १० मध्ये दोन एकेकदाच आहे. त्यामुळे छेद ३० केल्यावर दोन्ही अंश विषम येतात, त्यांची बेरीज सम होते, आणि दोनने भाग जातोच. तीनचं मात्र नक्की नसतं. १/३ + १/६ मध्ये ३/६ येऊन १/२ होतं, २/३ + १/६ मध्ये ५/६ वरच थांबावं लागतं. ‘संक्षिप्त रूप द्या’ असं वर छापून खाली संक्षेप लागणारं एकही उदाहरण नसलेल्या कार्यपत्रिका मी पाहिल्या आहेत, आणि त्यात मुलांचा वेळ फुकट जातो याचं मला वाईट वाटतं.

सूची झाली की ती दुसऱ्या वाटेने पडताळा. त्याच पायऱ्या पुन्हा केल्या तर तीच चूक पुन्हा होईल. ७ भागिले १५ केलं की ०.४६६… येतं, आणि ०.१६६… अधिक ०.३ सुद्धा तेवढंच. पहिल्या चुकीसाठी तर भागाकारही लागत नाही. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवले की येणारं उत्तर दोन भिन्न अपूर्णांकांच्या मधेच पडतं. १/४ हे ३/१० पेक्षा लहान आहे. मिळवल्यावर आधीच्यापेक्षा कमी कसं झालं, हा प्रश्न मुलालाच विचारा. त्याला ते स्वतःला दिसतं.

एका उदाहरणावरून मात्र निदान करू नका. तो हातून झालेला घोटाळाही असू शकतो. म्हणून जोडीला ५/६ + ३/८ ठेवा. लसावि २४, बेरीज २९/२४, म्हणजे १ पूर्णांक ५/२४. पहिल्या उदाहरणात १/४ लिहिणारा इथे ८/१४ किंवा ४/७ लिहील. अंश तसेच ठेवणारा ८/२४ किंवा १/३ वर येईल, आणि अदलाबदल करणारा २७/२४ म्हणजे १ पूर्णांक १/८ वर. याच उदाहरणात एक नवी चूकही उघडी पडते: भागाकार आणि बाकी यांच्या जागा बदलून मूल ५ पूर्णांक १/२४ लिहितं. तेही सूचीत हवं. दोन्ही उदाहरणांत एकाच रीतीची उत्तरं आली, तर त्या मुलाजवळ बसा. ३/५ आणि २७/२४ लिहिणाऱ्याला पट्ट्या घडी घालून अपूर्णांक पहिल्यापासून समजावण्याची गरज नाही. त्याने प्रत्येक अपूर्णांकाच्या छेदाशेजारी त्याचा गुणक लिहायचा, आणि मगच अंशाला हात लावायचा.