बिडीचा धूर आणि श्वासनळीचं अस्तर

(गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, सुरुवातीलाच सांगतो, मी छातीचा डॉक्टर नाही. मी पॅथॉलॉजिस्ट. नागपूरला माझ्यापर्यंत पेशंट येत नाही, त्याच्या श्वासनळीतून काढलेला दोन मिलिमीटरचा तुकडा येतो. फॉर्मालिनच्या बाटलीत बुडवलेला, आणि सोबत एक कागद. कागदावर वय, गाव, आणि बरेचदा हे चार शब्द: ‘बिडी ओढतो, खोकला जुनाच’. ‘जुनाच’ म्हणजे किती जुना आणि त्या काळात आत काय घडत गेलं, तेवढंच आज सांगणार आहे. बिडी सोडा असं सांगायला तुमच्याकडे आरोग्यसेविका येऊन गेल्याच असतील.

एक शेतकरी डोळ्यांपुढे आणा. कोणी एक खरा माणूस नाही, माझ्याकडे येणाऱ्या अनेक कागदांतून जुळवलेला आहे. सतराव्या वर्षी उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला गेला, फळीवर मोठ्यांच्या सोबतीनं पहिली बिडी ओढली. आज तो 56 वर्षांचा आहे.

त्या पहिल्या बिडीच्या आधी त्याची श्वासनळी आतून कशी होती? ओलसर, गुलाबी, आणि भिंग लावून पाहिली तर लव असलेली. वरच्या थरातल्या बहुतेक पेशींच्या माथ्यावर प्रत्येकी साधारण 200 लवी असतात. प्रत्येक लव एका सेकंदात दहा-पंधरा वेळा हलते, आणि त्या सगळ्या एकाच दिशेनं, एकीमागून एक हलतात. धानाच्या बांधीवरून वारा गेला की जशी लाट जाते, तशी. या लाटेवर पातळ चिकट स्रावाचा थर घशाकडे सरकत असतो, मिनिटाला काही मिलिमीटर. धूळ, जंतू, कोंडा जे काही श्वासात गेलं ते त्यात अडकतं, वर येतं आणि आपण नकळत गिळून टाकतो. तो स्राव करणाऱ्या पेशी लवीवाल्या पेशींच्या मधेमधे बसलेल्या असतात. सगळ्यांच्या खाली, तळाशी, लहान गोल पेशींची एक रांग असते. वरची पेशी मेली की खालची दुभंगून तिची जागा भरते. ही तळाची रांग लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट तिचीच आहे.

आता धूर. बिडीत तंबाखू सिगरेटपेक्षा बराच कमी, म्हणून ती हलकी असा आपल्याकडे समज आहे. पण तेंदूच्या पानातून हवा आरपार जात नाही आणि बिडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला माणूस जास्त वेळा आणि जास्त जोरानं ओढतो. त्यामुळे डांबर सिगरेटइतकं, कधी जास्तच, आत जातं. त्या धुरातले ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड हे वायू आधी लवीला धरतात. लव मंदावते, काही ठिकाणी थांबते. अस्तराला सूज येते आणि स्राव करणाऱ्या पेशी वाढतात, कारण घाण अडकवायची तर स्राव जास्त हवा. म्हणजे माल वाढला आणि वाहून नेणारे कमी झाले. साचलेलं बाहेर काढायला मग एकच उपाय उरतो, खोकला.

इथं थोडं थांबतो, कारण गावात सगळ्यात जास्त गैरसमज याच टप्प्यावर आहेत. आपला शेतकरी पंचविशीत सांगतो, ‘सकाळी उठल्यावर एक बिडी ओढली की कफ मोकळा होते.’ तो खोटं बोलत नाही, त्याला तसंच दिसतं. पण रात्रभर तो झोपलेला असतो, सहा-सात तास धूर नसतो. तेवढ्या वेळात थबकलेली लव थोडी सावरते आणि साचलेला कफ वर ढकलू लागते. सकाळचा बेडका त्या रात्रीच्या विश्रांतीचा असतो, श्रेय मात्र बिडीला मिळतं. याच कारणानं, कोणी बिडी सोडली तर पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो. लव कामाला लागलेली असते. घरचे म्हणतात, ‘सोडल्यापासून तर जास्तच खोकलते,’ आणि हा बापडा पुन्हा बंडल काढतो. सलग दोन वर्षं, दर वर्षी किमान तीन महिने बेडक्याचा खोकला असला आणि त्याला दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर त्याला जुनाट ब्राँकायटिस म्हणतात. गावात त्याला खोकला म्हणूनही मोजत नाहीत.

पुढचा टप्पा तळाच्या रांगेत घडतो. वरच्या पेशी सारख्या मरत असल्यामुळे खालच्यांना सारखं दुभंगावं लागतं. एका रांगेच्या तीन-चार रांगा होतात. आणि मग काही जागी त्या लवीवाल्या पेशी बनवायचंच सोडून देतात. त्याऐवजी चपट्या, चिवट पेशींचे थर घालतात, तोंडाच्या आत किंवा अन्ननलिकेत असतात तसे. याला मेटाप्लेशिया म्हणतात. ही शरीराची चूक नव्हे. लवीवाली पेशी नाजूक, चपटी पेशी धूर सोसणारी, म्हणून हा बदल. पण त्या तुकड्यावर आता लव नाही, कफाला वर नेणारं कोणी नाही. तिथं आलेला धूर, डांबर, कफ तिथंच बसून राहतो. त्यात श्वासनळीला जिथं फाटे फुटतात तिथं हवा वळते आणि कण भिंतीवर आदळतात. त्याच जागी हे चपटे तुकडे जास्त सापडतात, आणि चपट्या पेशींचे कॅन्सरही बरेचदा अशाच फाट्यांवर सुरू होतात.

हे बदल एक्स-रेत दिसत नाहीत. पेशंटला काही वेगळं वाटतही नाही. एखाद्याचा खोकला तर थोडा कमी झालेला असतो, आणि तो म्हणतो, सवय झाली.

आता डांबर तिथं बसून काय करतं? कोणतंही पान अर्धवट जळलं, तंबाखूचं असो की तेंदूचं, की बेंझोपायरिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही. शरीर त्याला धुवून काढण्यासाठी त्याचं रूप बदलायला जातं, आणि त्या बदलातलं मधलंच एक रूप पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा चिकटलेल्या जागी अक्षर चुकतं: ‘जी’च्या जागी ‘टी’ पडतो. पेशीत पी-53 नावाचं एक जनुक आहे. डीएनए बिघडला असेल तर पेशीला दुभंगू न देणं हे त्याचं काम. 1996 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की हा पदार्थ पी-53वर ज्या जागांना जास्त चिकटतो, त्याच जागा फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये वारंवार बिघडलेल्या असतात. आणि 2016 मधल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की रोज एक पाकीट सिगरेट वर्षभर ओढली तर फुफ्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी 150 नव्या चुका जमा होतात. बहुतेक चुका निरुपद्रवी. पण आपल्या शेतकऱ्याची ही 39 वर्षं आहेत, आणि चुका पुढच्या पेशीला वारशानं मिळतात.

मोक्याच्या दोन-चार जागा बिघडल्या की माझ्या काचपट्टीवर चित्र पालटतं. मेटाप्लेशियात पेशी चपट्या असल्या तरी शिस्तीत असतात: तळाशी लहान गोल, वर जाताना पसरट. डिस्प्लेशियात ती शिस्त मोडते. केंद्रकं मोठी, गडद शाईसारखी, एक दुसरीसारखी नाही. दुभंगणारी पेशी तळाशीच दिसायला हवी, ती मधल्या थरात, मग वरच्या थरात दिसू लागते. तळाच्या एक तृतीयांश भागात गोंधळ असेल तर सौम्य, पार वरपर्यंत चढला तर तीव्र. आणि अख्खी जाडी अशाच पेशींनी भरली, की त्याला कार्सिनोमा इन सिटू म्हणतात: कॅन्सरच्या पेशी, पण अजून आपल्या जागी बसलेल्या.

‘आपल्या जागी’ हे मी कशावरून ठरवतो? अस्तराच्या खाली एक अतिशय पातळ पडदा असतो. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या पडद्याच्या पलीकडे. पडदा शाबूत आहे तोवर या पेशींना कुठं जायला वाट नाही. तो फोडून एखादा घोळका पलीकडे गेला, की निदान बदलतं, उपचार बदलतो. सगळं त्या एका रेषेवर असतं, आणि कधीकधी तुकडा इतका लहान, इतका चेंगरलेला येतो की ती रेषाच सापडत नाही. मग पुन्हा तुकडा मागवावा लागतो, आणि पेशंटला पुन्हा नागपूरची एसटी धरावी लागते.

मागच्या रांगेतून काकाजींनी मघाशी विचारलं, ‘मी चाळीस वर्षांपासून ओढतो, मले काहून काही झालं नाही?’ काकाजी, हा जिना प्रत्येकजण शेवटपर्यंत चढत नाही. सौम्य डिस्प्लेशिया पुष्कळदा आपोआप मागे फिरतो. इन सिटूचेही काही तुकडे मागे फिरलेले पाहिले गेले आहेत. कोणाचा फिरेल आणि कोणाचा पडदा फोडेल, हे मला काचपट्टी बघून ठरवता येत नाही. शिवाय मी सांगतोय तो रस्ता मोठ्या श्वासनळ्यांतल्या स्क्वॅमस, म्हणजे चपट्या पेशींच्या जातीच्या कॅन्सरचा. फुफ्फुसाच्या कडेला होणारा ॲडेनोकार्सिनोमा वेगळ्या वाटेनं येतो, आणि तो बिडी न ओढणाऱ्यांनाही होतो. चुलीच्या धुराचं एका बाईंनी विचारलं. तोही अस्तराला सुजवतो, आणि घरातल्या लाकडाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं ‘बहुधा कॅन्सरकारक’ या गटात ठेवलं आहे.

आपल्या शेतकऱ्याकडे येऊ. रोवणीच्या दिवसांत त्याच्या बेडक्यात रक्ताची रेघ दिसली. खोकल्याचा सूर बदलला होता, वजन उतरलं होतं. एक्स-रेत उजव्या बाजूला वर डाग. आपल्या भागात असा डाग दिसला की पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो यायलाच हवा. पण त्याच्या थुंकीत दोनदा टीबी सापडला नाही. तरीही कोणीतरी टीबीची औषधं सुरू केली, दोन महिने गेले, वजन उतरतच राहिलं. मग दुर्बीण घातली. उजव्या वरच्या फाट्याच्या तोंडाशी गाठ होती, तिनं नळी बंद केली होती आणि पलीकडचं फुफ्फुस बसलं होतं. डाग दिसत होता तो त्या बसलेल्या फुफ्फुसाचा. माझ्याकडे तुकडा आला तेव्हा पडदा केव्हाच फुटलेला होता. त्याच तुकड्याच्या एका कडेला मेटाप्लेशिया होता, शेजारी डिस्प्लेशिया, आणि मग गाठ. सगळे टप्पे एकाच काचपट्टीवर, दोन मिलिमीटरच्या आत.

थुंकीत टीबी नाही, बिडी जुनी आणि रक्त पडतंय, अशा वेळी दोन महिने वाट न पाहता सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची चिठ्ठी मागा. आवाज आठवड्यांमागून आठवडे बसलेला राहिला, बोटांची टोकं फुगून नखं गोल झाली, तरी तेच.

शेवटचा प्रश्न या भाऊंचा, आता सोडून फायदा काय. 2020 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी 16 जणांच्या श्वासनळीतल्या एकेका पेशीचा डीएनए वाचला. ज्यांनी ओढणं सोडलं होतं त्यांच्यात 20 ते 40 टक्के पेशी अशा निघाल्या, की त्यांत चुका कधीच न ओढलेल्या माणसाइतक्याच होत्या. अजून ओढणाऱ्यांत अशा पेशी कितीतरी कमी. म्हणजे कुठंतरी न बिघडलेल्या पेशी दडून असाव्यात, आणि धूर थांबला की त्या पसरून जागा परत घेत असाव्यात. पण उरलेल्या पेशी जुन्या चुकांसकट तिथंच राहतात. सोडल्यावर दहा-पंधरा वर्षांत धोका साधारण निम्म्यावर येतो, शून्यावर येत नाही. म्हणून भाऊ, तुम्ही आज सोडली आणि दहा वर्षांनी कफात रक्त दिसलं, तर डॉक्टरला ‘मी ओढत नाही’ एवढंच सांगू नका. किती वर्षं ओढली आणि केव्हा सोडली, तेही सांगा.