नकाशा मागणारं पत्र

[दृश्य: तीन इमारतींची सोसायटी. कुंपणाला लागून मोकळी जागा, तिथे नव्यानेच ठोकलेले पत्रे.]

ठाणे जिल्ह्यातल्या एका शहरातली ही सोसायटी. ताबा मिळाला 1990च्या दशकात. कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत मुलं खेळत आली, गणपतीचा मांडवही तिथेच पडत आला. आता बिल्डर म्हणतो, इथे चौथी इमारत येणार, मंजुरी आहे. मंजुरी आहे का, आणि कशाला आहे, हे एकाच ठिकाणी कळू शकतं: महापालिकेच्या नगररचना विभागातल्या फायलीत.

सोसायटीचं पहिलं पत्र चार ओळींचं होतं. ‘आमच्या सोसायटीच्या मंजूर नकाशाची प्रत मिळावी.’ उत्तर आलं, ‘सदर नावाने अभिलेख आढळून येत नाही.’ हे उत्तर खोटं असेलच असं नाही. परवानगी मागितली जाते तेव्हा सोसायटी जन्मालाच आलेली नसते. फाईल जमीनमालकाच्या किंवा विकासकाच्या नावाने उघडते. ती ओळखली जाते सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि बांधकाम परवानगीच्या क्रमांकाने.

[दृश्य: टेबलावर जुना, नोंदणीकृत करारनामा. बोट एका परिच्छेदावर थांबतं.]

तो क्रमांक घरातच होता. फ्लॅट विकतानाच्या करारनाम्यात सुरुवातीला जमिनीची हकीकत येते, आणि तिथेच बहुधा ‘महापालिकेने अमुक क्रमांकाने, अमुक तारखेस बांधकाम परवानगी दिली आहे’ असं वाक्य असतं. दुसऱ्या पत्राच्या ‘संदर्भ’ या मथळ्याखाली तेच आलं. जोडीला सर्व्हे नंबर आणि मिळकत पत्रिकेवरचा सिटी सर्व्हे नंबरही दिला, कारण जुन्या फायलींवर एक असतो आणि नव्यांवर दुसरा.

मागणीही बदलली. नुसता ‘मंजूर नकाशा’ म्हटलं तर पहिलाच नकाशा हाती पडतो. बांधकाम चालू असताना नकाशे सुधारले जातात, कधी दोनदा, तीनदा. म्हणून पत्रात लिहिलं: मूळ मंजूर नकाशा, त्यानंतरचे सर्व सुधारित मंजूर नकाशे, प्रत्येकासोबतचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र अटींसह, आणि भोगवटा प्रमाणपत्र त्याला जोडलेल्या नकाशासह. सगळ्यांच्या साक्षांकित प्रती.

या पत्रासोबत माहिती अधिकाराचा अर्जही गेला, कारण साध्या पत्राला मुदतीचं बंधन नसतं आणि या अर्जाला 30 दिवसांचं असतं. तो सचिवांनी स्वतःच्या नावाने केला. 2005च्या कायद्याने हा हक्क नागरिकाला दिला आहे, संस्थेला नाही, आणि त्या कारणाने अर्ज परत येऊ शकतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून इतिहास पत्रात ठेवला, अर्जात फक्त कागदांची नावं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला.

कार्यालयाकडून एक हरकत येऊ शकते: ही त्रयस्थाची माहिती आहे, वास्तुविशारदाची संमती हवी. ती इथे टिकत नाही, असं मला ठामपणे वाटतं. फ्लॅटच्या बांधकाम-विक्रीचे नियम ठरवणारा 1963चा मोफा कायदाच बिल्डरला सांगतो की नकाशे खरेदीदाराला पाहू द्या. जे खरेदीदाराला दाखवायचंच होतं, ते त्याच्यापासून गुप्त कसं?

[दृश्य: मोठा नकाशा उलगडला जातो. कोपऱ्यातला क्षेत्रफळाचा तक्ता.]

प्रती आल्या, पण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स. इथे सचिवांनी पुन्हा जाऊन मूळ फाईल पाहायला मागितली, आणि ते फार बरं झालं. बांधकाम नकाशात रंग बोलतात. प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळ्या रेघांनी, मोकळी जागा बिनरंगी. झेरॉक्समध्ये लाल काय आणि जुनं काय, काहीच उमगत नाही.

मूळ नकाशात कोपऱ्यातल्या जागेवर अक्षरं होती: ‘मनोरंजन मैदान’. दोन वर्षांनंतरच्या सुधारित नकाशात तिथे लाल रंगाचा आयत आला होता, आणि मैदान इमारतीमागच्या अरुंद पट्ट्यात सरकलं होतं.

म्हणजे बिल्डर म्हणत होता ती मंजुरी कागदावर होती. पण सुधारित नकाशावरची तारीख रहिवाशांच्या करारनाम्यांनंतरची निघाली. करारावेळी दाखवलेल्या आराखड्याबाहेर जादा इमारत उभी करायची, तर मोफाच्या कलम 7 प्रमाणे फ्लॅट घेणाऱ्यांची आधी संमती लागते. फायलीत तसं संमतीपत्र आहे का?

तिसऱ्या पत्रात तेवढीच एक मागणी आहे: सुधारित प्रस्तावासोबत दाखल झालेली संमतीपत्रं आणि त्यावरची कार्यालयीन टिपणी, साक्षांकित प्रतीसह. नसल्यास, ‘अशी संमतीपत्रं फायलीत नाहीत’ असं लेखी.