ओपनिंग वाचणारी इंजिनिअर

[खराडी, सकाळ. ऑफिसच्या बसमधून उतरणारी माणसं, गळ्यात ओळखपत्रं.]

या इमारतीत ती सहा वर्षं बॅकएंडचा कोड लिहिते आहे. दुकानदारांना ऑनलाइन पैसे घेता यावेत, यासाठीची प्रणाली. आता तिला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय, म्हणजे काय बांधायचं आणि काय नाही, हे ठरवायचंय. यासाठी सर्टिफिकेट देणारे कोर्स ढिगाने आहेत. तिने मात्र आधी एक एक्सेल शीट उघडली.

[स्क्रीन जवळून. हिरव्या आणि पांढऱ्या ओळी.]

नोकरीच्या एका जाहिरातीला एक ओळ. अनुभव किती मागितलाय, हे पद कोणाला रिपोर्ट करतं, आणि तिसऱ्या रकान्यात, काम सांगताना क्रियापदं कोणती वापरली आहेत. हा तिसरा रकाना नीट बघा. बॅकलॉग म्हणजे करायच्या कामांची यादी सांभाळणे, वापरणाऱ्याची गरज यूजर स्टोरी म्हणून लिहिणे, पुढच्या काही आठवड्यांच्या कामाचा स्प्रिंट आखणे एवढंच असेल, तर निर्णय बहुधा आधीच कुठेतरी झालेला असतो. ग्राहक कंपनीत, किंवा परदेशातल्या मुख्यालयात. पदाचं नाव काही असो, ती ओळ पांढरीच राहते. ग्राहकांशी बोलून समस्या शोधणे, प्राधान्य ठरवणे, निकालाची जबाबदारी घेणे असं असेल, तर हिरवी.

हिरव्या ओळींची अडचण पहिल्याच रकान्यात दिसते: तीन ते पाच वर्षं, तीही प्रॉडक्टमधलीच. नवख्यांसाठी गूगलने 2002 मध्ये असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर ही योजना सुरू केली, पुढे इतर कंपन्यांनीही तशा आणल्या. पण त्या मुख्यतः नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी. सहा वर्षं मुरलेल्या इंजिनिअरला त्यांचा उपयोग नाही.

मग तिने हिरव्या ओळी पुन्हा चाळल्या. एपीआय, पेमेंट, अंतर्गत प्लॅटफॉर्म. जिथे वापरणारेच बरेचदा इंजिनिअर असतात, तिथल्या जाहिराती तांत्रिक पार्श्वभूमी आधी विचारत होत्या. आणि असंच एक पद तिच्याच कंपनीच्या आयजेपीवर, म्हणजे अंतर्गत भरतीच्या पोर्टलवर, लागलेलं होतं.

[मीटिंग रूम. पांढरा फळा.]

तिथले नियमही तिने वाचले. सध्याच्या पदावर ठरावीक काळ पूर्ण हवा, शेवटचं रेटिंग ठीक हवं, अर्ज करण्याआधी मॅनेजरला कळवायला हवं. पोर्टलवर न लिहिलेला एक प्रश्न तिने त्या टीमच्या प्रमुखांना विचारला: "सर, पोस्ट मंजूर आहे, की अजून मागणीच आहे?" अनेकजण इथे फसतात. प्रॉडक्टचं काम हौसेने अंगावर घेतात, वर्ष जातं, आणि हेडकाउंट, म्हणजे मंजूर जागाच, नव्हती हे मग कळतं. काम मिळतं, पद मिळत नाही.

पोस्ट मंजूर होती. आधीचा माणूस दुसऱ्या विभागात गेला होता, जागा रिकामी होती. तोवर काही तास तिथलं काम बघायची परवानगी तिने मॅनेजरकडून घेतली.

[सपोर्ट टीमचा मजला. हेडफोन, फोनवरची बोलणी.]

दुकानदारांचा नेहमीचा प्रश्न: "रिफंड कुठं अडकलाय?" इंजिनिअरांचं उत्तर तयार होतं, रिफंडची प्रक्रिया वेगवान करू. ती सपोर्टच्या लोकांशेजारी बसली, तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, एकेक वाचली, कारणानुसार वेगळी केली. बहुतेक तिकिटांत रिफंड अडकलेलाच नव्हता. कंपनीने तो बँकेकडे पाठवला की स्क्रीनवर 'processed' दिसायचं. कार्डाच्या बाबतीत ग्राहकाच्या खात्यात पैसे दिसायला त्यानंतर पाच ते सात कामकाजाचे दिवस लागू शकतात. दुकानदाराला वाटायचं पैसे पोचले, ग्राहक म्हणायचा आलेच नाहीत. आपला कोड कितीही वेगवान केला तरी बँकेचे दिवस कमी होणार नव्हते.

[फळ्यावर तिचं हस्ताक्षर.]

तिचं टिपण एका पानाचं. 'processed'च्या जागी 'बँकेकडे पाठवला' लिहा, अपेक्षित तारीख दाखवा, आणि एआरएन द्या, म्हणजे तो संदर्भ क्रमांक, जो सांगितला की ग्राहकाची बँक रक्कम शोधून देऊ शकते. शेवटी, काय करायचं नाही तेही लिहिलेलं: वेग वाढवण्याचं काम या तिमाहीत नको. स्वतः लिहू शकली असती असा कोड तिने यादीतून काढला. अर्जासोबत हेच पान गेलं.

मुलाखतीच्या खोलीत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती.

[नवी टीम, नवी जागा.]

निवड झाली. जुन्या टीमने बदली माणूस मिळेपर्यंत सोडलं नाही, पगार आहे तोच राहिला, आणि पहिल्या मूल्यमापनात रेटिंग एक पायरी खाली आलं. रिफंडचा नवा स्क्रीन पुढच्या रिलीजमध्ये जातो आहे. त्यावरची तिकिटं आता तिच्याच नावावर येतील.