799ची पैठणी, आणि विकणारी मी

(दादरला दुकानदारांसमोर केलेलं बोलणं, थोडं साफसूफ करून)

आवाज येतोय ना मागे? बरं. माझं साड्यांचं छोटं दुकान आहे हे तुम्हाला माहितीये. श्रावणात एक काकू आल्या, विरारहून, आणि काउंटरला टेकून म्हणाल्या, अगं माझी पैठणी अजून आली नाही. मी म्हटलं कुठली? त्यांनी फोन दाखवला तर त्यात मीच! माझीच रील, घडी मोडून पदर दाखवतेय ती, फक्त बोलणं दुसरंच, की तीस वर्षांनी दुकान बंद करतेय, उरलेला माल 799ला. आवाज अगदी माझा. पण ती पदराला 'पल्लू' म्हणत होती, मी जन्मात पल्लू म्हटलेलं नाही.

मला ती जाहिरात कधीच दिसली नव्हती, आणि यात नवल काही नाही, कारण अशी जाहिरात पेजच्या पोस्टमध्ये येतच नाही, पैसे देऊन निवडलेल्या लोकांनाच दिसते. म्हणजे आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं.

म्हणून आधी शोधायचं कसं ते सांगते. फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती facebook.com/ads/library वर कुणालाही बघता येतात, लॉगिन नसलं तरी. देश India, कॅटेगरी All ads, आणि दुकानाचं नाव टाका, मराठीत पण आणि इंग्रजीत पण, स्पेलिंग चुकवून पण. नावाने नाही सापडलं तर जाहिरातीतलं वाक्य टाका, मी 'दुकान बंद' टाकलं तेव्हा सापडली. प्रत्येक जाहिरातीवर Library ID असतो तो लिहून घ्या. आणि रिपोर्ट करायच्या आधी स्क्रीन रेकॉर्डिंग करा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपल्याकडे साधी जाहिरात चालू आहे तोवरच तिथे दिसते, बंद झाली की गायब, मग पोलिसांना काय दाखवणार? खालचं बटण दाबल्यावर जी वेबसाइट उघडते तिचा पत्ता, पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो, व्हॉट्सअॅप नंबर, सगळं त्यातच.

आता रिपोर्ट. तीन टिंबं दाबून 'स्कॅम' म्हणून रिपोर्ट सगळे करतात, करा, पण त्यावर विसंबू नका. तपासणाऱ्याला फक्त एक साडीची जाहिरात दिसते, खोटी कशावरून हे त्याला कसं कळणार. आपल्या हातात त्याहून भारी गोष्ट आहे, ती म्हणजे कॉपीराइट. चेहऱ्यावर कॉपीराइट नसतो पण व्हिडिओवर असतो, माझी रील आमच्याच फोनवर माझ्या मुलीने काढलेली, त्यामुळे कॉपीराइटच्या फॉर्मात तिच्या नावाने मूळ रीलची लिंक आणि खोट्या जाहिरातीची लिंक शेजारी शेजारी दिली. आवाज बदलला तरी चित्र आपलंच ना. बाहेरच्या माणसाकडून शूट करून घेतलं असेल तर हक्क कुणाचा हे आधी करारात बघा. ट्रेडमार्कचा फॉर्म वेगळा, तिथे रजिस्ट्रेशन नंबर लागतो, नुसता अर्ज केलाय म्हणून भागत नाही.

आणि एकटी जाहिरात काढून उपयोग नाही, पेज तसंच राहिलं तर दुसऱ्या दिवशी नवीन लावतात. पेजच्या Page transparency मध्ये जा, पेज कधी बनलं, आधी नाव काय होतं, चालवणारे कुठल्या देशातले, हे बरेचदा दिसतं. माझ्या नावाचं पेज आधी फर्निचरचं होतं! तोतयेगिरी म्हणून पेजचा रिपोर्ट वेगळा करा. दाद नाही लागली तर त्या प्लॅटफॉर्मच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, आयटी नियम 2021 मधला 3(2)(b) लिहून, त्यात तोतयेगिरी आणि चेहरा मॉर्फ करणं दोन्ही येतं. त्यांचं उत्तर पटलं नाही तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे, gac.gov.in वर, 30 दिवसांत अपील. पोलिसांसाठी cybercrime.gov.in, आयटी कायद्याची कलमं 66C आणि 66D.

ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी मात्र यातलं काही करत बसू नये, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा 1930 लावावा, नंतर बँक. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत थांबले तर थांबले. काकू आल्या चार दिवसांनी, त्यांना तरी लावायला लावला.

फॉलोअर्सना 'सावध राहा' सांगून काही होत नाही हो, कशापासून सावध? मी एकच वाक्य पिन केलंय: आमचं दुकान चालू आहे, आम्ही जाहिरातीतून पैसे घेत नाही, शंका आली तर दुकानाच्या पाटीवरच्या नंबरवर फोन करा. खोट्या जाहिरातीचा फोटो टाकला तो वर आडवं लाल 'खोटी' लिहून, नाहीतर लोक तोच फोटो फॉरवर्ड करतात, ऑफर म्हणून.

आणि त्या पोस्टखाली काय झालं माहितीये? तासाभरात कमेंट आल्या, 'माझे पण गेले होते, अमुक सरांनी परत मिळवून दिले', खाली नंबर. ती तीच मंडळी किंवा त्यांचे भाऊबंद. रिफंडसाठी आधी फी मागतात. विरारच्या काकूंना पण तसा फोन आला, 250 रुपये भरा म्हणे, पण यावेळी त्यांनी आधी मला लावला. आता दर सोमवारी दुकान उघडल्यावर उदबत्ती लावते आणि लायब्ररीत नाव टाकून बघते. परवाच परत एक सापडली, यावेळी पैठणी 699ला.