6:40 चं 😭 आणि 9:50 चं 😭

मित्रहो, आज मी एकाच चिन्हाबद्दल बोलणार आहे, ते म्हणजे 😭. यूट्यूबवर व्हिडिओखाली नुसतं हे चिन्ह येतं. शब्द नाही, नाव नाही, प्रश्न नाही. व्हिडिओ करणारा माणूस ते बघतो, खाली "धन्यवाद ❤️" लिहितो आणि पुढे जातो. या उत्तराबद्दल माझी तक्रार अशी आहे की ते देण्यासाठी कमेंट वाचावीच लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, जुनी घड्याळं दुरुस्त करणारी एक मुलगी आहे. तिचा व्हिडिओ ११ मिनिटांचा आहे. 6:40 ला चिमट्यातून एक बारीक स्प्रिंग सुटून उडते आणि ती टेबलाखाली रांगत ती शोधते. 9:50 ला घड्याळ चालू होतं. ते ज्या बाईंचं आहे त्यांच्या वडिलांची ती शेवटची वस्तू, आणि बाई फोनवर ती टिकटिक ऐकतात. पहिल्या दिवशी खाली चाळीसेक 😭 जमा होतात. आता यातले रडणारे किती आणि हसणारे किती?

युनिकोडमध्ये या चिन्हाचं अधिकृत वर्णन मोठ्याने रडणारा चेहरा असं आहे. पण तरुण मंडळी ते हसून हसून पुरेवाट झाली या अर्थानेही सर्रास वापरतात. तेव्हा नुसत्या चित्रावरून निकाल लागणार नाही. २०१६ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना नुसते इमोजी दाखवून त्यातली भावना विचारली होती. अगदी तेच चित्र बघणाऱ्या दोघांचंही, ते चांगल्या भावनेचं, वाईट की मधलं, यावर सुमारे २५ टक्के वेळा एकमत झालं नाही. चित्र दुसऱ्या कंपनीच्या फोनवर वेगळं दिसतं म्हणून पडणारा फरक आणखी वेगळा. म्हणून चिन्हाकडे टक लावून बसण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूला बघायचं.

पहिली गोष्ट, शेजारी काय आहे. 😭💀 असं आलं तर ते हसणं आहे, कारण कवटी म्हणजे "मेलो हसून". 😭❤️ किंवा 😭🙏 आलं तर बहुतेक 9:50. एकाऐवजी सहा 😭 आले म्हणून दुःख सहापट झालं असं मात्र नाही. बोट पुन्हा पुन्हा टेकवलं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात उपयोगी वाटते आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. कमेंट कधी आली? व्हिडिओ टाकल्यावर दोन मिनिटांत आलेलं 😭 हे बहुधा 9:50 बद्दल नसतं, कारण व्हिडिओ पुढे ढकलला नसेल तर तो माणूस तिथवर पोचलेलाच नाही. ते शीर्षकाबद्दल किंवा थंबनेलबद्दल असेल, नाहीतर प्रत्येक व्हिडिओला सगळ्यात आधी हजेरी लावणारा तुमचा नेहमीचा प्रेक्षक असेल. आठव्या मिनिटाच्या आसपास आलेलं बहुधा स्प्रिंगचं. बाराव्या मिनिटापासून पुढे दोन्ही शक्यता खुल्या राहतात. हे फक्त पहिल्या तासात कळतं. नंतर सगळ्यांसमोर "५ तासांपूर्वी" असं एकसारखंच दिसू लागतं आणि हा धागा हातातून जातो. म्हणून मी सांगतो, उत्तरं नंतर द्या, पण पहिल्या तासात कमेंट एकदा वाचून काढा.

तिसरी गोष्ट एक-दोन दिवसांनी हाती येते. यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रेक्षक कुठवर टिकले याचा आलेख असतो. तो साधारण उतरत जातो. मध्येच एखादा उंचवटा दिसला तर लोक मागे जाऊन तो भाग पुन्हा बघताहेत असं समजावं. उंचवटा 6:40 ला असेल तर तुमच्या चाळीस 😭 मध्ये हसणारे बरेच आहेत हे धरून चाला. पण एकेका माणसाच्या मनातलं हा आलेख सांगत नाही.

आता उत्तराकडे येऊ. त्या मुलीने सगळ्यांना "तुमचे अश्रू पाहून भरून आलं" असं लिहिलं, तर स्प्रिंगवर हसलेल्या निम्म्या लोकांना ते विचित्र वाटेल. उलट सगळ्यांना 😂 पाठवलं, तर ज्याला स्वतःचे वडील आठवले त्याला ते लागेल. ही दुसरी चूक जास्त वाईट. तो माणूस भांडायला येत नाही, नुसता गप्प होतो, म्हणून चूक झाल्याचं आपल्याला कळतही नाही.

अर्थ पक्का नसेल तेव्हा तेच चिन्ह परत पाठवावं. 😭 ला 😭. हसणाऱ्याला ते हसणं वाटतं, रडणाऱ्याला रडणं. त्याची मर्यादा एवढीच की बोलणं तिथे संपतं. आणखी कमी करायचं असेल तर स्टुडिओतलं लाल हृदय द्या. त्यावर तुमच्या चॅनेलचं चित्र दिसतं आणि समोरच्याला तशी सूचना जाते. चाळीसपैकी तीसेक जणांना एवढं पुरे.

उरलेल्या दहांना खरं उत्तर द्या. कोणते दहा? जे याआधीही आले आहेत, आणि ज्यांचा अर्थ जाणून घ्यावासा वाटतो. उत्तर असं लिहा: "6:40 की 9:50?" बस. आकडे इंग्रजीत आणि मध्ये अपूर्णविराम देऊन लिहिले की त्यांच्या लिंक होतात, माणूस टिचकी मारून तो क्षण पुन्हा बघतो. या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जो एक बटण दाबून गेला त्याला "तुम्हाला व्हिडिओतलं नेमकं काय भावलं ते सविस्तर सांगा" म्हणणं म्हणजे त्याच्यावर ओझं टाकणं. आकडा मागा. त्यातला एखादा आपणहून चार ओळी लिहील, तेव्हा मात्र सगळं काम बाजूला ठेवून त्याला सावकाश उत्तर द्या.

अर्थ आधीच स्पष्ट असेल तर विचारू नका, सांगा. 😭💀 वाल्याला, "स्प्रिंग शेवटी चपलेत सापडली." व्हिडिओत नसलेली एक बारीक गोष्ट त्याच्या हाती पडते.

आत्ता समोरून कोणीतरी विचारलं की एकच उत्तर सगळीकडे चिकटवलं तर काय बिघडतं? दोन गोष्टी बिघडतात. खाली सरकणाऱ्याला ती सगळी उत्तरं एकाखाली एक दिसतात आणि कोणाचीच किंमत राहत नाही. शिवाय तोच मजकूर पुन्हा पुन्हा टाकला तर यंत्रणा तुमच्याच कमेंटना स्पॅम समजू शकते.

काही इमोजींना उत्तर देऊच नये. व्हिडिओ टाकल्यावर काही सेकंदांत 🔥😍 येतं, त्या नावावर टिचकी मारली की स्वतःचा एकही व्हिडिओ नसतो, फक्त एक भडक फोटो आणि बाहेर नेणारी लिंक. त्याला धन्यवाद दिले तर तुमच्याच प्रेक्षकांची नजर तिकडे जाते. तक्रार नोंदवा आणि काढून टाका. पण घाईने कमेंट टाकणारा प्रत्येक जण तसा नसतो. मघाशी म्हटलं तो हजेरी लावणारा प्रेक्षकही पहिल्याच मिनिटात येतो, म्हणून काढण्याआधी ते नाव तुमच्या जुन्या व्हिडिओंखाली आहे का ते बघा. असेल तर त्याला लिहा, "आजही पहिले तुम्हीच."