साइट, क्लिकर आणि स्टॅबिलायझर: रिकर्व्हवर काय कधी लावायचं

रिकर्व्ह धनुष्यावरच्या साइटपासून, म्हणजे नेम धरायच्या साधनापासून सुरुवात करू, कारण तिचं गणित सोपं आहे. बाण जिकडे पडतात तिकडे साइटची पिन सरकवायची. डावीकडे पडले तर डावीकडे, खाली पडले तर खाली. किती सरकवायची? समजा ३० मीटरवर सगळे बाण मध्यापासून ६ सेंटिमीटर डावीकडे, एका जागी पडले आहेत. डोळ्यापासून पिन साधारण ९० सेंटिमीटर लांब असते. म्हणजे ६ ला ०.९ ने गुणून ३० ने भागा; उत्तर ०.१८ सेंटिमीटर, जेमतेम दोन मिलिमीटर.

पण हे गणित "एका जागी" या दोन शब्दांवर उभं आहे. बाण वरखाली लांबट पसरले असतील, तर आधी साइटला हात लावू नका. बहुतेक वेळा दोष खेचीत, म्हणजे दोरी किती मागे ओढली यात असतो. पूर्ण खेचीजवळ एक सेंटिमीटर कमीजास्त झालं, तर साधारण धनुष्यावर ताकद सुमारे एक पाउंडाने बदलते आणि बाण वर किंवा खाली जातो. पिन मात्र अगदी लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यावरच असते!

क्लिकर इथे कामाला येतो. रायझरवर, म्हणजे धनुष्याच्या मुठीच्या मधल्या भागावर बसवलेली ही पातळ पट्टी. बाण तिच्याखालून मागे येतो, टोक सुटलं की टक्‌ वाजते. प्रत्येक बाण तेवढाच खेचला गेला, एवढंच ती सांगते. नेम बरोबर आहे का, हे तिला ठाऊक नसतं.

बसवताना लक्ष्य जवळ ठेवा. क्लिकर न वापरता हनुवटीखाली नेहमीचा अँकर घ्या, म्हणजे दोरीचा हात दरवेळच्या जागी टेकवा. प्रशिक्षकाने शेजारी उभं राहून बाणाचं टोक कुठे आलं ते पाहायचं. पाचसहा वेळा पाहा. टोक दरवेळी वेगळीकडे येत असेल, तर क्लिकर अजून नको. स्थिर असेल, तर पट्टीची कड त्या जागेच्या दोनतीन मिलिमीटर मागे, म्हणजे तिरंदाजाच्या बाजूला ठेवा. उरलेलं अंतर पाठीच्या स्नायूंनी कापायचं.

पट्टी फार मागे असली, की तिरंदाज टक्‌साठी हनुवटी पुढे काढतो, खांदा उचलतो. फार पुढे असली, तर अँकर लागण्याआधीच वाजते. तिसरा दोष सर्वांत चिवट: आवाज झाला की बोटं दचकून सुटतात. त्यावर उपाय म्हणजे टक्‌ झाल्यावर बाण न सोडता हळूच परत आणायचा सराव. माझ्या मते क्लिकर घाईने लावण्यापेक्षा उशिरा लावलेला बरा.

स्टॅबिलायझरचं काम वेगळं. रायझरपासून पुढे नेलेलं वजन धनुष्याला हातात वळू देत नाही. तेच वजन दुप्पट लांब नेलं, की त्याचा विरोध चौपट होतो. म्हणून आधी लांब दांडा आणि टोकाला थोडंच वजन. बाजूचे दांडे नंतर. शेवटच्या फेरीत धनुष्याचा हात खाली यायला लागला, तर टोकाचं एक वजन काढा.